दोन हजार शब्दांच्या कथेचे तीन अंक

दोन हजार शब्दांच्या कथेचा आराखडा तीन अंकांत मांडावयाचा असेल, तर पहिल्या अंकास सुमारे पाचशे, दुसऱ्यास हजार आणि तिसऱ्यास पाचशे शब्द अशी वाटणी सोयीची पडते. मात्र अंकाची सीमा शब्दसंख्येने नव्हे, तर मागे फिरता न येणाऱ्या कृतीने ठरते.

उदाहरणादाखल एक कथानक घेऊ. थोरला भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन विधवा बहिणीकडे येतो, आणि ती ‘उद्या कचेरीत सही करीन’ असा शब्द देते, तेथे पहिला अंक संपतो. दुसऱ्या अंकात, वडिलांचे जुने दफ्तर चाळताना, जमिनीवरील कर्ज आपल्या दिवंगत पतीने फेडल्याची पावती तिला सापडते. म्हणून ती भावास जाब विचारते, म्हणून तो मुलीच्या लग्नाची नड उघड करतो, आणि म्हणूनच बहीण ती एकमेव पावती त्याच्याच हाती सोपवते. तिसऱ्या अंकात, दुय्यम निबंधकासमोर तो ती पावती पुढे करीत नाही आणि हे पाहूनही ती सही करते, एवढेच दाखवावे. पुढील हकिकत सांगू नये.

मधला अंक बहुधा फुगतो. त्यातील दोन प्रसंगांची अदलाबदल करूनही कथेस बाध येत नसेल, तर त्यांत कार्यकारणभाव नाही असे समजावे, आणि त्यांपैकी एक निःसंकोच गाळावा.