‘लव्ह यू’ सोपं, मराठीत अवघड!

आमच्या येवल्यात पोरं फोन ठेवताना ‘लव्ह यू’ सहज म्हणतात. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणायचं, तर जीभ अडखळते. असं का?

लंडनमधले भाषाअभ्यासक ड्यूवाल यांनी अनेक भाषा बोलणाऱ्यांना हेच विचारलं. त्यांचा लेख २००८चा. बऱ्याच जणांना हे शब्द पहिल्या भाषेतच सर्वात जड वाटले. कारण त्या भाषेत आपण लाड, ओरडा, रुसवा सगळं अनुभवलेलं असतं. उशिरा शिकलेली भाषा तेवढी टोचत नाही. पण तिच्यातच संसार केला, की तीही जड होते!

मग आपले आईबाप मुके का? छे! ‘पोचलीस का? जेवलीस का?’ हे रोज विचारतात ना? शब्द वेगळे, एवढंच.