वर्ष लागते दुपारी साडेबाराला

२० मार्च २०२५, गुरुवार. इराणच्या घड्याळात १२ वाजून ३१ मिनिटे आणि ३० सेकंद झाले आणि तिथले १४०४ हे वर्ष लागले. मध्यरात्र नाही, सूर्योदय नाही, भर दुपारी. तोवर घराघरांत 'हफ्त-सीन' मांडून झालेले होते. 'स'ने सुरू होणाऱ्या फारसी नावांच्या सात वस्तू त्यावर असतात: ताटलीत उगवलेले हिरवेगार गव्हांकुर, लसूण, सफरचंद, सिरका, आंबटसर सुमाक, गव्हाच्या मोडांचे गोड समनू आणि संजदची सुकी फळे. शेजारी आरसा आणि रंगवलेली अंडी. टीव्हीवर उलटी मोजणी सुरू झाली की मंडळी त्याभोवती येऊन बसतात. वर्ष लागते त्या क्षणी आरशावर ठेवलेले अंडे किंचित हलते, अशी जुनी समजूत आहे; पृथ्वी पेलणारा बैल तेव्हा तिला एका शिंगावरून दुसऱ्यावर घेतो म्हणे.

हा क्षण साऱ्या जगात एकच असतो. मुंबईत तेव्हा दुपारचे दोन एकतीस झाले होते. लॉस एंजेलिसला मात्र पहाटेचे दोन वाजून गेलेले, म्हणजे तिथल्या इराण्यांना गजर लावून उठणे भाग होते. पुढच्या वर्षीची वेळ काय, हे तेहरान विद्यापीठाच्या भूभौतिकी संस्थेतले पंचांगकर्ते आधीच सेकंदापर्यंत काढून ठेवतात.

क्षण कसला, तर वसंत संपाताचा. सूर्यबिंबाचा मध्य दक्षिणेकडून येऊन विषुववृत्ताची आकाशातली रेषा ओलांडतो, तो क्षण. 'दिवस आणि रात्र समान होतात तो दिवस' अशी व्याख्या आपण शाळेत पाठ केली, पण ती ढोबळ आहे. वातावरणामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो, शिवाय उगवण्या-मावळण्याची वेळ बिंबाच्या वरच्या कडेवरून धरतात. त्यामुळे दिवस-रात्र खरोखर सारखे होतात ते संपाताच्या काही दिवस आधीच.

आता अडचण अशी की क्षण दिवसात कुठेही पडू शकतो, पण दिनदर्शिकेला अख्खा दिवस लागतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. तिथी कधीही लागते, पण आपण सूर्योदयाची तिथी धरतो आणि त्यावरून पाडवा ठरवतो. इराणी पंचांगात ही सीमारेषा सूर्योदयाची नसून माध्यान्हीची आहे. संपात माध्यान्हीपूर्वी झाला तर तोच दिवस १ फर्वर्दीन, म्हणजे वर्षाचा पहिला दिवस, नवरोज. नंतर झाला तर दुसरा दिवस. यामागे वेध घेण्याची सोय आहे. सूर्याची उंची अचूक मोजता येते ती तो डोक्यावर आल्यावर. त्या मापात तो रेषेच्या उत्तरेला आलेला दिसला, की वर्ष बदलले. ११ व्या शतकात सुलतान मलिकशाहच्या पदरी असलेल्या ज्योतिर्विदांनी (उमर खय्याम त्यांतलाच एक) बसवलेल्या जलाली पंचांगाचा पाया हाच. सध्याची बारा महिन्यांची रचना मात्र १९२५ च्या कायद्याने आली.

२०२५ मध्ये याच नियमामुळे गंमत झाली. मार्चच्या त्या सुमाराला तेहरानचे खरे माध्यान्ह घड्याळात बारा वाजून दहाएक मिनिटांनी येते. संपात वीसेक मिनिटे उशिरा झाला. परिणामी १४०३ च्या इस्फंद महिन्याला तिसावा दिवस मिळाला आणि १ फर्वर्दीन २१ मार्चला गेला. वर्ष गुरुवारी दुपारी लागले, दिनदर्शिकेचे पान मात्र त्या मध्यरात्री उलटले. बहाई लोक तेहरानचाच संपात धरतात, पण त्यांची सीमारेषा सूर्यास्ताची आहे. म्हणून त्यांचा नवरोज त्या वर्षी २० मार्चलाच झाला.

तारीख का हलते ते आता पुढच्या काही वर्षांवर नजर टाकली की कळते. एका वसंत संपातापासून पुढच्यापर्यंत सरासरी ३६५ दिवस, ५ तास आणि ४९ मिनिटे जातात. हे वरचे तास दरवर्षी साचत राहतात. २०२४ ला संपात तेहरानच्या वेळेने सकाळी ६.३६ ला होता, म्हणून नवरोज २० मार्चला. २०२५ ला दुपारी १२.३१, २०२६ ला संध्याकाळी ६.१६, २०२७ ला मध्यरात्रीला पाचेक मिनिटे कमी. तिन्ही वर्षी २१ मार्च. २०२८ च्या फेब्रुवारीला इंग्रजी कॅलेंडरात जादा दिवस येतो, म्हणून घड्याळ पुन्हा पहाटे ५.४७ वर येते आणि नवरोज २० मार्चला.

२०२९ ला मात्र संपात सकाळी ११.३२ ला आहे. माध्यान्हीच्या अलीकडे. सरळ दर चार वर्षांनी लीप वर्ष धरणारा १४०३ नंतर १४०७ म्हणेल, पण नवरोज सलग दुसऱ्यांदा २० मार्चला आल्यामुळे १४०७ चा इस्फंद २९ दिवसांचाच राहतो. लीप वर्ष होते १४०८. चार-चार वर्षांच्या ओळीत मध्येच पाच वर्षांचा टप्पा येतो तो असा. याआधी तो १९९६ ला आला होता आणि तेव्हाची वेळ होती ११.३३! मधल्या ३३ वर्षांत आठ जादा दिवस पडले आणि सूर्य जवळपास त्याच मिनिटाला त्याच जागी आला.

मग ३३ वर्षांचा फेरा धरून गणित सोपे करता येईल का? बऱ्याच काळापुरते येते. पण अहमद बिरश्क या इराणी गणितज्ञाने त्याहून भव्य २८२० वर्षांचे चक्र मांडले होते, ६८३ लीप वर्षांचे. अनेक संगणकप्रणालींनी ते उचलले. ते नेमके १४०३ लाच चुकले. त्यानुसार लीप वर्ष १४०४ होते. म्हणजे अशा प्रणालीत त्या अख्ख्या वर्षाच्या तारखा एका दिवसाने पुढे धावतात. कोणते पंचांग कोणत्या पद्धतीचे, हे ओळखायची सोपी खूण हीच: त्यात ३० इस्फंद १४०३ आहे का ते पाहा. चूक बेरजेची नव्हती. बिरश्क यांचे चक्र सूर्याच्या सरासरी सायन वर्षावर बेतलेले आहे, आणि वसंत संपात ते वसंत संपात हे अंतर त्याहून सुमारे १६ सेकंदांनी मोठे असते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचा हा परिणाम.

शिवाय सरासरी ही सरासरीच. २०२३ ते २०२४ हे अंतर ५ तास ४२ मिनिटांचे भरले, पुढच्या वर्षी ५ तास ५५ मिनिटांचे. चंद्र पृथ्वीला ओढत असतो, ग्रहही थोडे हलवतात. त्यामुळे माध्यान्हीला अगदी खेटून आलेल्या वर्षांचा निकाल कुठल्याही ठोक सूत्राऐवजी प्रत्यक्ष गणितानेच लावावा लागतो.

मुंबईच्या पारशी घरांत जमशेदी नवरोज २१ मार्चला ठरलेलाच असतो. संपाताच्या मिनिटाचा हिशेब तिथे कोणी करत नाही. त्यांचे शहेनशाही नवे वर्ष मात्र ऑगस्टमध्ये येते, कारण त्या पंचांगात वर्ष ३६५ दिवसांचेच आहे, लीप नाहीच. इराणचा राजा यझ्दगर्द तिसरा गादीवर बसला त्या ६३२ साली हा वर्षारंभ जूनमध्ये होता. मधे एकदा घातलेला एक अधिक महिना सोडला, तर चार वर्षांमागे एक दिवस या हिशेबाने तो मागे-मागे येत राहिला आहे. २०२३ ला तो १६ ऑगस्टला होता. २०२४ च्या २९ फेब्रुवारीनंतर १५ ला आला, आणि २०२८ च्या २९ फेब्रुवारीनंतर १४ ला येईल.