मुहब्बत ‘लगागा’, इश्क ‘गाल’

अमरावती-अकोल्यात वाढलेल्या माणसाला उर्दू कुणी मुद्दाम शिकवत नाही. परतवाड्याच्या बाजारात, अकोटच्या बसमध्ये, अकोल्याच्या मुशायऱ्यात ती कानावर पडतच असते. त्यामुळे इश्क, मोहब्बत, प्यार हे शब्द आपल्याला परके वाटत नाहीत. पण शायर यांतला एक शब्द उचलतो आणि दुसरा बाजूला ठेवतो, तेव्हा नेमकं काय करतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या प्रश्नाचं एक तयार उत्तर सगळीकडे फिरत असतं. प्रेमाच्या सात पायऱ्या : दिलकशी, उन्स, मोहब्बत, अकीदत, इबादत, जुनून आणि शेवटी मौत. ‘डेढ इश्किया’ (२०१४) या चित्रपटाने ही यादी घरोघरी पोचवली. यादी सुंदर आहे, पण शायर ती समोर ठेवून लिहीत नाहीत. जुन्या अरबी ग्रंथांतल्या पायऱ्याही वेगळ्याच आहेत. निशापूरच्या सआलिबी या भाषापंडिताने (मृत्यू १०३८) प्रेमाच्या अवस्थांची उतरंड लावली, तिची सुरुवात ‘हवा’ म्हणजे नुसत्या ओढीपासून होते. इश्क तिथे चौथा येतो आणि त्याच्याही पुढे अनेक अवस्था आहेत. मला त्या क्रमापेक्षा त्याने इश्काची केलेली ओळख मोलाची वाटते. ‘हुब्ब’ म्हणजे प्रेमाला एक माप असतं, ते माप भरून जे वर उरतं त्याचं नाव इश्क, असं तो सांगतो.

मोहब्बत याच ‘हुब्ब’च्या घराण्यातली. हबीब, महबूब ही आपल्याकडच्या मुलांची नावंही त्याच घराण्यातली. अकराव्या शतकातल्याच हुजविरी या लाहोरच्या सूफीने ‘मोहब्बत’चा संबंध वाळवंटात पडलेल्या बीजाशी जोडला आहे. ऊन, पाऊस, थंडी सोसत ते मातीत राहतं आणि वेळ आली की उगवतं. इश्काची व्युत्पत्ती सांगताना मात्र जुने लेखक एका वेलीचं नाव घेतात. ती झाडाला विळखा घालते आणि झाड वाळून जातं. आपल्याकडे बाभळीवर पिवळी अमरवेल पसरलेली ज्याने पाहिली आहे, त्याला आणखी काही सांगायला नको. या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राच्या कसोटीवर किती टिकतील हा मुद्दा वेगळा, पण फारसी-उर्दू कवितेने हीच दोन चित्रं मनात धरून शतकानुशतकं लिहिलं. प्यारचं मूळ इथलंच. संस्कृत ‘प्रिय’पासून प्राकृतातून तो हिंदीत उतरला, आणि मराठीत ‘देवाला प्यारा झाला’ म्हणताना आपण तोच वापरतो.

शब्दकोश इथपर्यंत सोबत करतो. पुढचा फरक शब्दाच्या संगतीवरून कळतो. तान्ह्या बाळाकडे पाहून उर्दू बोलणारी बाई ‘प्यार आ गया’ म्हणेल, ‘इश्क आ गया’ कधीच म्हणणार नाही. ‘माँ का प्यार’ चालतो, ‘माँ की मोहब्बत’ही चालते, ‘माँ का इश्क’ मात्र कुणी म्हणत नाही. पाहुणचाराचं कौतुक केलं की समोरचा नम्रपणे ‘आपकी मोहब्बत है’ म्हणतो. तिथे मोहब्बत म्हणजे सौजन्य, आपुलकी. शब्दाच्या विरुद्ध काय ठेवतात तेही पाहावं. मोहब्बतच्या समोर नफरत उभी राहते. ‘प्यार से समझाओ’ म्हणताना प्यारच्या समोर मार किंवा राग असतो. इश्काच्या समोर मात्र अक्कल असते, नाहीतर हवस. इक्बालच्या कवितेत अक्कल आणि इश्क यांचा सामना पुनःपुन्हा रंगतो, आणि त्या जागी मोहब्बत बसवली तर सामनाच उरत नाही, कारण मोहब्बत शहाण्या माणसालाही करता येते.

हे अर्थाचं झालं. पण शायर वृत्तात लिहितो, आणि वृत्त सगळेच शब्द आत घेत नाही. मराठी गझलकार ज्या लगावलीने ओळ मोजतात, लघूला ल आणि गुरूला गा, ती इथे फार कामाची आहे. ‘इश्क’ म्हणजे गाल. ‘प्यार’ही गाल, कारण त्यातला य वेगळा मोजत नाहीत. ‘प्रेम’ही गाल. म्हणजे हे तीन शब्द वजनाने सारखे आहेत आणि एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. ‘मुझे इश्क है’ आणि ‘मुझे प्यार है’ ही लगागा लगा अशी एकाच मापाची वाक्यं आहेत. ‘मुहब्बत’चं वजन मात्र लगागा. तो तिथे बसत नाही, त्याच्यासाठी ओळच नव्याने मांडावी लागते.

यातून वाचकाला एक कसोटी मिळते. शायराने इश्क लिहिलं आणि प्यार टाळला, तर ती निवड पूर्णपणे अर्थाची आहे, वृत्ताने त्याला भाग पाडलेलं नाही. त्याने मुहब्बत लिहिली असेल, तर आधी वृत्त तपासावं आणि मग अर्थाबद्दल बोलावं.

‘मुघल-ए-आझम’ (१९६०) या एकाच चित्रपटात शकील बदायुनीने हे तिन्ही शब्द कसे वापरले ते पाहण्यासारखं आहे. शीशमहालातलं गाणं सर्वांना पाठ आहे. बादशहाच्या दरबारात, फारसीच्या छायेत एक कनीज निर्भयपणे बोलते आणि तिच्या ध्रुवपदात शब्द येतो तो प्यार. ही कल्पना शकील आणि नौशाद यांनी पूर्वेकडच्या एका लोकगीतावरून घेतल्याचं सांगितलं जातं. त्या लोकगीतात ‘प्रेम’ होतं. प्रेमाच्या जागी प्यार आला तरी वजन तेच राहिलं, आणि गावच्या बाईचा धीट, सरळ स्वरही टिकला. तिने दरबारी शब्द वापरला असता, तर ती दरबाराच्या भाषेत दाद मागणारी ठरली असती. पण त्याच गाण्याच्या पुढच्या एका कडव्यात जगण्या-मरण्याची गोष्ट निघते, आणि नेमका तिथे शब्द बदलून इश्क येतो. वजन तेच, गाल. तिथे प्यार ठेवायला वृत्ताची काहीच हरकत नव्हती. तरीही शकीलला मरणाशेजारी प्यार पुरेसा वाटला नाही.

आता त्याच चित्रपटातलं अनारकलीच्या कैदेच्या वेळचं गाणं घ्या. त्याची पहिली ओळ ‘मुहब्बत’ने सुरू होते आणि वृत्त आहे लगागा चार वेळा. हे वृत्त मराठी माणसाला अनोळखी नाही. हेच भुजंगप्रयात, समर्थांच्या मनाच्या श्लोकांचं वृत्त. ‘मनाचे’ आणि ‘मुहब्बत’ यांचं वजन तंतोतंत एक. मनाचे श्लोक ज्या चालीत लहानपणी म्हटले त्या चालीत हे गाणं म्हणून पाहा, एक अक्षरही अडखळणार नाही. या ओळीच्या आरंभी इश्क बसूच शकत नाही, कारण ओळ लघूने सुरू होते आणि इश्क गुरूने. मग इथली मुहब्बत केवळ वृत्ताची गरज म्हणून आली का? मला तसं वाटत नाही. फसवणूक झालेली अनारकली तिथे जिच्यावर विश्वास ठेवला त्या गोष्टीबद्दल बोलते, आणि विश्वास हा मोहब्बतचा प्रांत आहे. इश्काला फसवणूक झाल्याची तक्रार करता येत नाही. त्याने हिशेब ठेवलेलाच नसतो. वृत्ताने मागितलेला आणि अर्थाने मागितलेला शब्द इथे एकच निघाला, आणि कवीचं कसब अशाच जागी दिसतं. तिसरं गाणं शिल्पकाराच्या तोंडी आहे, मोहम्मद रफी आणि मोठा समूह मोहब्बतचा जयजयकार करतात. चौकात घोषणा द्यायची तर सगळ्यांच्या मालकीचा शब्द लागतो.

आपल्या भागाकडे वळताना दख्खनीकडे पाहायलाच हवं, कारण उर्दू कवितेचा मोठा कालखंड इथे, वऱ्हाडाच्या शेजारी घडला. औरंगाबादच्या वलीच्या कवितेत इश्क आहे आणि त्याच्या बरोबरीने पिरीत, सजन हे इथले शब्दही आहेत. अठराव्या शतकात दिल्लीच्या शायरांनी उर्दू ‘शुद्ध’ करायला घेतली तेव्हा यातले पुष्कळ देशी शब्द मागे पडले. मला हे नुकसान वाटतं. पिरीत गेली तेव्हा स्त्रीच्या तोंडून प्रेम बोलण्याची एक रीतही गेली. दिल्ली-लखनौच्या गझलेत बोलणारा पुरुष आणि प्रियही व्याकरणाने पुल्लिंगी, असा संकेत पक्का झाला.

ती रीत आपल्याकडे भक्तीत जिवंत राहिली. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत, सौभाग्याची चिन्हं धारण करत. त्यांच्या मताला मधुराद्वैत म्हणतात. सूफी ज्याला ‘इश्क-ए-हकीकी’ म्हणतात, म्हणजे ईश्वरावरचं खरं प्रेम, त्याच्या हे फार जवळ आहे. फरक भूमिकेचा. सूफी गझलेत आशिक प्रियाच्या गल्लीत भटकतो, दारापर्यंत पोचत नाही. माधानच्या महाराजांचं लग्न लागलेलं होतं. मराठी भक्तीत वेडाइतकाच संसारही आहे, म्हणून तिला इश्कापेक्षा प्रेम, आवडी, लळा हे शब्द जवळचे वाटले.

अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनी गझल मराठीत रुजवली तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. उर्दूचं प्रेम त्यांना होतंच. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) वाचताना जाणवतं की त्यांनी उर्दूचा आकार आणि शिस्त घेतली, शब्दांचं सामान मात्र मराठीच ठेवलं. नव्यांसाठी लिहिलेल्या ‘गझलेची बाराखडी’तही भर आहे तो वृत्त, काफिया, रदीफ यांच्या शुद्धतेवर. मराठीत प्रेमाच्या छटा नामांपेक्षा क्रियापदांत जास्त आहेत, हे त्यांनी ओळखलं असावं. जीव लागणं, जीव लावणं, जीव जडणं, जीव टांगणीला लागणं, जीव ओवाळून टाकणं. वऱ्हाडात आजी नातवावर ‘लय माया करते’. जीव जडतो तिथे मोहब्बत आहे, जीव ओवाळला जातो तिथे इश्काची हद्द सुरू होते.

आज वऱ्हाडात गझल लिहिणारे अनेक तरुण आहेत, आणि त्यांच्या वह्यांत दोन चुका वारंवार दिसतात. पहिली मोजणीची. देवनागरीत आपण ‘मोहब्बत’ लिहितो आणि ‘मो’ गुरू धरून गागागा मोजतो. उच्चार ‘मुहब्बत’ आहे, वजन लगागा. तसंच उर्दूत ‘की’, ‘से’, ‘है’ यांसारखे शब्द गरजेप्रमाणे लघू मोजता येतात. ती सूट मराठीत ओढून आणली की मराठी ओळ लंगडते. दुसरी चूक मोहाची आहे. प्रेम आणि इश्क यांचं वजन एकच असल्याने ओळीला रंग यावा म्हणून प्रेम खोडून इश्क लिहिणं फार सोपं असतं. तसा शेर हाती आला की मी त्यातल्या इश्कासमोर अक्कल, वेड किंवा मरण यांतलं काही उभं आहे का ते पाहतो. समोर नुसतं चांदणं आणि खिडकी असेल, तर तिथे प्रेम परत लिहावं. वृत्ताला धक्का लागत नाही.