ब्रेकअपला दहा वर्षं झाली, तरी ‘तो’ स्वप्नात का येतो? पहाटेच्या स्वप्नाचा अर्थ किती लावायचा?

समजा, खामगावात राहणारी ३४ वर्षांची एक महिला. लग्नाला आठ वर्षं झालेली, एक मुलगी, नोकरी, घर सगळं सुरळीत. एके दिवशी पहाटे पाचच्या सुमारास ती दचकून उठते. स्वप्नात अमरावतीचं बसस्थानक होतं, हातात कॉलेजची बॅग होती आणि समोर तो उभा होता. त्याच्याशी नातं तुटून अकरा वर्षं झाली आहेत. गेल्या कित्येक महिन्यांत त्याचं नावही मनात आलेलं नाही. शेजारी नवरा झोपलेला असतो आणि तिला उगाचच अपराधी वाटू लागतं. आपल्या मनात अजून काही शिल्लक आहे का? की तिकडे तो आपली आठवण काढत असेल?

असं स्वप्न पडणाऱ्यांची संख्या कमी नाही. पुरुषांना, स्त्रियांना, सुखी संसारातल्या माणसांनाही ते पडतं. फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही. स्वप्नांवर झालेल्या संशोधनातून या दोन्ही प्रश्नांची बऱ्यापैकी उत्तरं मिळतात.

स्वप्न नेमकं पहाटेच का पडतं?

‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. रात्रीच्या कोणत्या प्रहरात पडलेलं स्वप्न किती दिवसांनी फळतं, याचे आडाखे जुन्या स्वप्नशास्त्रात आहेत. बुलढाणा जिल्ह्याला तर पहाटेच्या भाकिताची चांगलीच ओळख आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकाचा अंदाज ऐकायला शेतकरी जमतात. त्यामुळे पहाटे जे दिसलं ते पुढच्या काळाबद्दल काही सांगतं, असं वाटणं इथे स्वाभाविक आहे.

पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात, हे खरंच आहे. पण त्याचं कारण झोपेच्या रचनेत आहे. झोप साधारण दीड-दीड तासाच्या चक्रांत चालते. प्रत्येक चक्राच्या शेवटी एक टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात, शरीराचे स्नायू सैल पडतात आणि मेंदू मात्र जागेपणासारखा सक्रिय असतो. याला ‘रेम’ झोप म्हणतात. गोष्टीसारखी, ठळक, भावनांनी भरलेली स्वप्नं प्रामुख्याने याच टप्प्यात पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचाच असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. त्यातच पाण्याचा नळ, गजर किंवा मुलाच्या हालचालीने जाग आली, की स्वप्न ताजं असतानाच पकडलं जातं. मध्यरात्रीही स्वप्नं पडलेली असतात, ती फक्त विसरली जातात.

म्हणजे ‘त्याला आपली आठवण येतेय’ असं नाही?

नाही. स्वप्नातला माणूस तुमच्याच स्मृतीतून तयार झालेला असतो. म्हणून तो अनेकदा आजच्या वयाचा दिसत नाही, अकरा वर्षांपूर्वीचाच दिसतो. त्याच्या आजच्या आयुष्याची, त्याच्या मनाची कोणतीही माहिती त्या स्वप्नात नसते.

मग ‘स्वप्न पडलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला’ अशा गोष्टींचं काय? साधा हिशेब करून पाहा. रात्रीत रेम झोपेचे चार टप्पे धरले, तर वर्षाला १,४६० आणि दहा वर्षांत १४,६०० होतात. एवढ्या स्वप्नांपैकी एखादं प्रत्यक्ष घटनेशी जुळलं, तर ते जन्मभर लक्षात राहतं. न जुळलेली हजारो स्वप्नं कुणी मोजत नाही.

मग तो स्वप्नात आला कसा?

आपल्या भाषेत एक म्हण आहे, ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’. स्वप्न-संशोधकही बऱ्याच अंशी हेच मानतात. दिवसभराच्या काळज्या, माणसं आणि प्रसंग स्वप्नात उतरतात. मात्र म्हणीतल्या ‘वसे’ या शब्दाचा अर्थ ‘हवं असतं’ असा लावला, की घोळ होतो.

हा फरक एका प्रयोगात नीट दिसला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात ३३० विद्यार्थी होते. त्यांना सांगितलं गेलं, की झोपण्यापूर्वी ओळखीच्या एका व्यक्तीची निवड करा आणि पाच मिनिटं मनात येईल ते लिहा. काहींना त्या व्यक्तीचा विचार करायला सांगितलं, तर काहींना तो विचार अजिबात करायचा नाही, असं बजावलं. सकाळी सर्वांनी आपली स्वप्नं लिहून दिली. ज्यांनी विचार दाबला होता, त्यांच्याच स्वप्नांत ती व्यक्ती जास्त आली. विशेष म्हणजे, ती व्यक्ती आवडती असो वा नसो, परिणाम सारखाच होता.

म्हणजे स्वप्नात येण्यासाठी प्रेम शिल्लक असावंच लागतं असं नाही. विचार बाहेर ठेवण्याची धडपडही पुरते. जागेपणी मनावर पहारा असतो. झोपेत तो सैल पडतो आणि दारात अडवलेलं आत येतं.

आता खामगावच्या उदाहरणाकडे परत येऊ. त्या आठवड्यात या महिलेच्या भाच्याचा अमरावतीला कॉलेजात प्रवेश झाला होता. वसतिगृहासाठी गादी, बादली, कागदपत्रं यांची जमवाजमव तिनेच केली. अमरावतीचं नाव दिवसातून दहादा निघालं. त्या शहरातली तिची स्वतःची तीन वर्षं आठवणं साहजिक होतं. जुनं नाव मनाशी आलं, तेव्हा ‘आता त्याचं काय’ म्हणत तिने ते झटकलं. स्वप्नासाठी एवढा माल पुरेसा होता.

शिवाय स्वप्नात काय घडलं, हेही पाहायला हवं. ती त्याच्याशी प्रेमाचं काही बोलली नाही. बस सुटत होती, तिकीट सापडत नव्हतं आणि उशीर झाल्याची घालमेल होती. अशा वेळी ‘कोण दिसलं’ यापेक्षा ‘काय वाटलं’ हा प्रश्न जास्त उपयोगी ठरतो. उशीर होतोय, काहीतरी सुटतंय ही भावना सध्याच्या आयुष्यात कुठे आहे? भाचा शिकायला निघाला आणि आपलं पुढचं शिक्षण राहून गेलं, ही रुखरुख तर त्यामागे नाही? अर्थात हा अंदाजच असतो. कोणतं स्वप्न म्हणजे कोणता अर्थ, असा तक्ता कुणाकडेही नाही. भावना ओळखीची वाटली तर धागा मिळाला, नाही वाटली तर सोडून द्यावं.

जुना जोडीदार स्वप्नात येणं वाईटच असतं का?

या विषयावर सर्वाधिक महत्त्वाचं काम शिकागोतल्या संशोधक रोझलिंड कार्टराइट यांनी केलं. घटस्फोटातून जाणाऱ्या स्त्री-पुरुषांना त्यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत झोपवलं, रेम झोपेतून जागं करून स्वप्नं विचारली आणि काही काळाने त्यांची पुन्हा भेट घेतली. घटस्फोटामुळे नैराश्यात गेलेल्यांपैकी ज्यांच्या स्वप्नांत माजी जोडीदार येत होता, ते वर्षभरानंतर तुलनेने जास्त सावरलेले दिसले. स्वप्नात नुसतं दिसणं आणि काहीतरी घडणं यातही फरक होता. सावरणाऱ्यांच्या स्वप्नांना कथानक होतं, भावना होत्या, जुन्या आठवणींची नव्या प्रसंगांशी सांगड होती.

मात्र या निष्कर्षाला मर्यादा आहेत. अभ्यासातल्या व्यक्ती थोड्या होत्या आणि त्यांचं नातं नुकतंच तुटलेलं होतं. स्वप्नामुळेच त्या सावरल्या, की सावरत होत्या म्हणून तशी स्वप्नं पडली, हेही त्यातून ठामपणे सांगता येत नाही. दहा-अकरा वर्षांनी एखादवेळी पडलेल्या स्वप्नाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण जुना जोडीदार स्वप्नात दिसला म्हणजे आपण अजून अडकलोच आहोत, या समजाला त्यातून धक्का नक्कीच बसतो.

खरी अडचण सकाळी सुरू होते

स्वप्न संपतं, पण त्याची भावना चहा होईपर्यंत किंवा कधी दिवसभर रेंगाळते. डिलन सेल्टरमन आणि सहकाऱ्यांच्या एका अभ्यासात नात्यात असलेल्या तरुणांनी दोन आठवडे रोजची स्वप्नं आणि दिवसातल्या घडामोडी लिहिल्या. स्वप्नात जोडीदाराने फसवल्याचं दिसलं, की पुढच्या दिवसांत प्रत्यक्षात जवळीक कमी आणि कुरबुरी जास्त झाल्याचं आढळलं. जोडीदाराने काही केलेलं नसताना स्वप्नाचं बिल त्याच्या नावावर फाडलं गेलं.

म्हणून अशा सकाळी दोन गोष्टी टाळलेल्या बऱ्या. पहिली, लगेच मोबाइल उचलून त्याचं प्रोफाइल शोधणं किंवा ‘कसा आहेस’ असा मेसेज टाकणं. संपर्क करायचाच असेल, तर तो निर्णय तीन-चार दिवसांनी, स्वप्नाची धग उतरल्यावर घ्यावा. बहुतेकांना तोवर त्याची गरजच वाटत नाही. दुसरी, ‘पुन्हा हे स्वप्न पडता कामा नये’ असं स्वतःला बजावत झोपणं. वेग्नर यांच्या प्रयोगात अशा बजावण्याने काय झालं, ते वर आलंच आहे. त्याऐवजी स्वप्न चार ओळींत लिहून काढावं. आदल्या आठवड्यात काय घडलं, स्वप्नात काय वाटलं, एवढंच खाली नोंदवावं.

नवऱ्याला किंवा बायकोला सांगायचं का? तशी सक्ती नाही. स्वप्नावर कुणाचं नियंत्रण नसतं, त्यामुळे ती फसवणूकही नाही. मात्र जागेपणीही तुलना सुरू असेल, जुने मेसेज वारंवार वाचले जात असतील, तर प्रश्न स्वप्नाचा नाही. तिथे सध्याच्या नात्याबद्दल बोलायला हवं.

मदत केव्हा घ्यावी?

जुन्या नात्यात मारहाण, धमक्या किंवा जबरदस्ती झाली असेल आणि तीच दृश्यं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर तो प्रकार वेगळा आहे. घामाघूम होऊन जाग येणं, झोपायचीच भीती वाटणं, दिवसाही तो प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहणं ही आघाताची लक्षणं असू शकतात. यावर उपचार आहेत. एका पद्धतीत रुग्ण वाईट स्वप्न लिहून काढतो, त्याचा शेवट स्वतः बदलतो आणि बदललेली गोष्ट रोज काही मिनिटं जागेपणी मनात घोळवतो. काही आठवड्यांत अनेकांची दुःस्वप्नं कमी होतात.

नैराश्यावरची काही औषधं किंवा रक्तदाबावरची काही औषधं सुरू केल्यावर, तसंच नैराश्यावरची गोळी अचानक थांबवल्यावर किंवा दारू सोडल्यावरही स्वप्नं तीव्र होऊ शकतात. अशा वेळी स्वतः गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावं. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

खामगावच्या उदाहरणातल्या महिलेला यापैकी कशाचीच गरज नाही. तिचं स्वप्न एकदाच पडलं आणि त्याचं कारण भाच्याच्या बॅगेत सापडलं. उरलाच तर एक प्रश्न उरतो, राहिलेल्या शिक्षणाचा. त्याचं उत्तर अकरा वर्षांपूर्वीच्या त्या मुलाकडे नाही.