स्किझोफ्रेनिया : गोळी आज सुटते, आजार काही आठवड्यांनी उलटतो, घरच्यांनी आधी झोपेकडे पाहावं

वर्धा : कापसाची वेचणी सुरू झाली की घरात कोणालाच उसंत नसते. अशा दिवसांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची गोळी सुटली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. कारण दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही. फसगत होते ती इथंच.

या आजारात इतरांना न येणारे आवाज ऐकू येतात, कोणी आपल्या जिवावर उठलंय असा पक्का समज होतो. गोळ्यांनी हे दबून राहतं. गोळी बंद केली की आजार बहुधा काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उलटतो. तोवर गोळीचं सगळे विसरलेले असतात आणि दोष करणीला नाहीतर बाहेरच्या बाधेला जातो.

समजा, देवळी तालुक्यातलं एक घर आहे. तिशीतला धाकटा भाऊ दोन वर्षांपासून गोळ्या घेतो, वावरात कामही करतो. दसऱ्याला आलेले मामा म्हणाले, "आता त बरा हायेस, गोळ्या कायले खातं?" त्यालाही गोळ्यांनी सुस्ती यायची. त्यानं गोळ्या सोडल्या. दिवाळी बरी गेली. मग तो रात्री दोन-तीन वाजेपर्यंत अंगणात फेऱ्या मारू लागला. आठवड्यानं आंघोळ सुटली, ताट घेऊन तो वेगळा बसू लागला. आणखी दहा-बारा दिवसांनी शेजाऱ्यावर धावून गेला. आजार उलटल्याचं घरच्यांना त्या दिवशी कळलं. खरं तर तो अडीच-तीन आठवड्यांपासून परतत होता.

झोप बिघडणं, एकटं राहणं, चिडचिड, संशय, स्वतःशीच बोलणं या सुरुवातीच्या खुणा. प्रत्येकाच्या थोड्या वेगळ्या असतात, पण एकाच माणसात बऱ्याचदा त्याच पुन्हा दिसतात. म्हणून तो बरा असताना त्याच्यासोबत बसून विचारा : मागच्या वेळी आधी काय बदललं होतं? तीन-चार खुणा कागदावर लिहून ठेवा. एक रात्र झोप नाही आली तर घाबरू नका. पण सलग तीन-चार रात्री तसंच झालं, किंवा सोबत दुसरी खूण दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

गोळ्यांची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे द्या. रात्रीच्या जेवणानंतरची ठरलेली वेळ ठेवा आणि पाकिटावर पेनानं तारीख टाका. सुटलेली गोळी लगेच दिसते. जेवणात लपवून देऊ नका. कळलं तर 'जेवणात काही कालवतात' हा त्याचा संशय खरा ठरतो. त्यापेक्षा तो गोळी का टाळतो ते विचारा. सुस्ती, वाढलेलं वजन, हातपाय कडक होणं, लाळ गळणं अशी कारणं असतात. डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात. गोळी रोज जमतच नसेल, तर काहींना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालतं. एखादी गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त सुटलं असेल, तर आधीचा डोस आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. डॉक्टर ते कमी डोसपासून वाढवतात.

गोळी नीट घेऊनही काहींचा आजार उलटतो. त्यात घरातल्या बोलण्याचाही वाटा असतो. जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये घरी परतलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. ज्या घरात सतत टोमणे, रागराग किंवा जिवाला लागेल इतकी काळजी होती, तिथं आजार जास्त उलटला. सकाळी न उठणं हा दरवेळी आळस नसतो, आजारानंही उमेद जाते. "दिवसभर लोळतं" म्हणण्याऐवजी "दहा वाजता ढोरांना पाणी पाज" असं एकच ठरलेलं काम सांगा. आवाज ऐकू येतात म्हणाला, तर वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. "मला नाही ऐकू येत, पण तुला भीती वाटते ते कळतं," एवढं पुरे.

सांभाळणाराही थकतो. 2004 च्या 'देवराई' चित्रपटात भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची हीच ओढाताण दिसते. म्हणून पाळी लावा. रोज काही तास त्याला आणि तुम्हाला वेगळे मिळू द्या.

उपचारासाठी वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) इथल्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि खुणांचा कागद सोबत न्या. टेली-मानसच्या 14416 या नंबरवर मराठीत, फुकट, रात्रीही बोलता येतं. मरणाची भाषा, मारहाण किंवा अन्नपाणी सोडणं दिसलं, तर थांबू नका, 108 ला फोन करून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि फवारणीचं औषध आजपासूनच कुलपात ठेवा.