अपघात-अहवालातील क्रियापद

अपघाताच्या अहवालातून ‘निष्काळजीपणे’ हा शब्द गाळला, तरी दोषारोप क्रियापदात उरतो. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या प्रेसवर कामगाराचे बोट चेंगरले, असे समजू. ‘त्याने साच्यात हात घातला’ या वाक्यातील क्रियापद हेतू सुचविते. ‘हात गेला’ हे अनवधान सुचविते. हे दोन्ही निष्कर्षच होत. प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट इतकीच असते : ‘वरचा साचा खाली आला तेव्हा त्याचा हात आत होता.’

नवीन कर्मणी प्रयोग निराळ्या रीतीने फसवितो. ‘संरक्षक जाळी काढण्यात आली होती’ या वाक्यात कर्ता लपतो. पण कोणीतरी जाळी काढली, हे गृहीत धरले जाते. ती त्या दिवशी बसविलीच नसेल तर? म्हणून ‘अपघातानंतर पाहता जाळी यंत्रावर नव्हती, ती भिंतीशी आढळली’ असे लिहावे. ती कोणी काढली याविषयीचे सांगणे सांगणाऱ्याच्या निवेदनात, त्याच्याच शब्दांत द्यावे.

तथापि कर्ता निश्चित ज्ञात असताना त्यास वगळणे ही तटस्थता नव्हे. ‘पर्यवेक्षकाने 9 वाजता जाळी काढली’ हे घटनेचे कथन आहे. ‘काढावयास नको होती’ हा निवाडा होय.