हिपॅटायटिस सी : बरं झालं हे कधी म्हणायचं?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत 'एचसीव्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह' असा शेरा येतो आणि घर हादरतं. अनेकांना हा आजार असाच, दुसऱ्याच कामासाठी रक्त दिल्यावर कळतो, कारण हा विषाणू यकृतात वीस-तीस वर्षं गुपचूप राहू शकतो.

समजा, ही बाई साठीची आहे. १९९४ साली बाळंतपणात तिला रक्त चढवलं होतं. आपल्याकडे रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये, तेव्हा संसर्ग तिथूनच आला असण्याची शक्यता मोठी. पण अँटीबॉडी एवढंच सांगते की विषाणू कधीतरी शरीरात आला होता. काही जणांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघूनही जातो. तो आज रक्तात आहे का, हे 'एचसीव्ही आरएनए' या दुसऱ्या तपासणीतूनच कळतं. अनेक जण नेमके ही तपासणी न करताच थांबतात.

बाईंचा आरएनए पॉझिटिव्ह आला. मग यकृत कितपत कडक झालंय ते पाहतात. सिरोसिस नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या रोज एकदा, बारा आठवडे. या गोळ्या विषाणूची नक्कल होण्याची यंत्रणाच बंद पाडतात. सिरोसिस असेल तर औषधांची जोडी किंवा मुदत बदलते. पूर्वीची इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर घेऊनही निम्म्या लोकांचाच आजार जेमतेम जायचा. आता शंभरात पंचाण्णवांचा जातो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. मात्र आधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. हृदयासाठी अमियोडॅरोन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

गोळ्या संपल्या त्या दिवशी कुणी 'बरे झालात' म्हणत नाही. आणखी बारा आठवडे थांबून आरएनए पुन्हा तपासतात. तेव्हाही विषाणू सापडला नाही तर आजार बरा झाला असं धरतात, कारण त्यानंतर तो उलटणं फार दुर्मीळ. अँटीबॉडी मात्र बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते. म्हणून पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दाखवायला आरएनएचा हा कागद जपून ठेवावा. अर्थात, नवा संसर्ग पुन्हा होऊ शकतो. आणि सिरोसिस आधीच झाला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही.

२००१ पूर्वी रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल, थॅलेसेमिया किंवा हिमोफिलियासाठी वारंवार रक्त किंवा रक्तघटक घ्यावे लागले असतील, कधी दुसऱ्याच्या सुईने नशा केली असेल, एकच सुई अनेकांना वापरणाऱ्याकडून इंजेक्शन किंवा गोंदण घेतलं असेल, एचआयव्ही असेल, आईला हा आजार असेल किंवा यकृताचे एन्झाइम विनाकारण वाढलेले असतील, तर काही त्रास नसला तरी अँटीबॉडी तपासून घ्या. आणि ती पॉझिटिव्ह आली, तर आरएनए केल्याशिवाय थांबू नका.